चार माइक, एक टेबल आणि पाझरणारा आवाज

गेल्या महिन्यात एका मित्राने पॉडकास्टच्या चार फाइली पाठवल्या. जेवणाच्या चौकोनी टेबलाभोवती चौघे, प्रत्येकासमोर स्वतःचा माइक, प्रत्येकाचा स्वतंत्र ट्रॅक. तरी चारही एकत्र वाजवले की सगळे पत्र्याच्या डब्यात बसून बोलत आहेत असं वाटायचं. कुणीतरी त्याला सल्ला दिला होता, "कंडेन्सर माइक काढ, डायनॅमिक घे. डायनॅमिक लांबचं ऐकत नाही." तो खरेदीला निघाला होता. मी त्याला थांबवलं, कारण हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

डायनॅमिक माइकची संवेदनशीलता कमी असते, हे खरं. पण ती जवळच्या आणि लांबच्या, दोन्ही आवाजांसाठी सारखीच कमी असते. जवळचा आवाज ऐकू यावा म्हणून गेन, म्हणजे माइकचा आवाज किती पटीने मोठा करायचा ते प्रमाण, वाढवला की लांबचाही तितकाच वाढतो. दोघांमधलं गुणोत्तर होतं तसंच राहतं. ते ठरतं दोन गोष्टींनी: कोण माइकपासून किती अंतरावर आहे, आणि माइक कोणत्या दिशेला बहिरा आहे. डायनॅमिक माइकने फरक पडल्यासारखा वाटतो, कारण तो हातात आला की माणूस आपोआप तोंड जवळ नेतो.

शेजाऱ्याचा आवाज आपल्या माइकमध्ये पाझरतो, त्याला ध्वनिमुद्रणवाले ब्लीड म्हणतात. त्याचा त्रास मोठेपणामुळे होतो असं आपण धरून चालतो. खरी खोडी उशिराची आहे, आणि या लेखात मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

टेबल सुमारे सव्वा मीटरचं होतं. चौघांपैकी एक काका, एक बाई. समजा, काकांच्या तोंडापासून त्यांचा माइक 10 सेंटिमीटरवर आहे आणि काटकोनात बसलेल्या बाईंचा माइक 92 सेंटिमीटरवर. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे काकांचा तोच शब्द बाईंच्या ट्रॅकवर सुमारे 2.4 मिलिसेकंद उशिरा पोचतो. इतका उशीर कानाला प्रतिध्वनी म्हणून कळत नाही. पण दोन ट्रॅक एकत्र केले की त्या दोन लहरींची बेरीज होते. जिथे लहरीचा माथा माथ्यावर पडतो तिथे आवाज वाढतो, जिथे माथा खळग्यावर पडतो तिथे दोन्ही एकमेकांना खोडतात. 2.4 मिलिसेकंद म्हणजे ज्या सुरासाठी बरोबर अर्धं आवर्तन, तो सूर सुमारे 208 हर्ट्झचा. तो दबतो. मग दीड आवर्तनाचा 625 दबतो, अडीच आवर्तनाचा 1042, आणि असंच वर वर, सारख्या अंतराने. आलेख काढला तर कंगव्याचे दात दिसतात, म्हणून इंग्रजीत याला कोम फिल्टर म्हणतात. माणसाचा आवाज ओळखू येतो तो स्वरांच्या कंपनांतल्या बारीक चढउतारांवरून, आणि हा कंगवा नेमका त्यांच्यातूनच फिरतो. डब्यातला आवाज ऐकू येतो तो यामुळे.

मग ट्रॅक थोडा सरकवून उशीर भरून काढता येईल का? काकांचा ट्रॅक 2.4 मिलिसेकंद मागे ढकलला तर काकांचा शब्द दोन्ही ट्रॅकवर एकाच वेळी पडेल. पण बाईंचा शब्द काकांच्या माइकवर आधीच उशिरा पोचत होता, तो आता दुप्पट उशिरा पडेल. एकाचं जुळवलं की दुसऱ्याचं बिघडतं. चौघांत सहा जोड्या होतात, त्या सगळ्या एकदम जुळणं शक्य नाही.

उशीर घालवता येत नाही, तर पाझर बारीक करावी लागते. ती किती बारीक असली म्हणजे चालतं? पाझरलेली लहर मूळ लहरीइतकीच असेल तर खळग्यात आवाज पूर्ण गायब होतो. ती एक तृतीयांश असेल तर माथ्यावर 1 आणि 1/3, खळग्यात 2/3. म्हणजे माथा खळग्याच्या दुप्पट, 6 डेसिबलचा फरक. हा सहज ऐकू येतो. ती एक दशांश असेल तर 1.1 आणि 0.9, फरक 2 डेसिबलहून कमी, आणि बोलण्यात तो कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्यासाठी मर्यादा ती: दहावा भाग.

आता मित्राच्या टेबलावर काय झालं होतं ते पाहू. बाई निवृत्त शिक्षिका, खुर्चीत मागे टेकून शांतपणे बोलणाऱ्या. माइक टेबलावर होता, त्यांचं तोंड त्यापासून 30 सेंटिमीटरवर. काका पुढे झुकून खणखणीत बोलणारे. काकांचा आवाज बाईंच्या माइकपर्यंत नऊपट अंतर कापून येतो, म्हणून सुमारे नववा भाग उरतो. बाईंचा माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि मागे बहिरा. काकांच्या दिशेने, साधारण 130 अंशांवर, सूत्राप्रमाणे त्याने सहावा भागच ऐकायला हवा. पण खोलीत आवाज भिंतीवरून आणि टेबलावरूनही परत येतो. काकांच्या खुर्चीवर मोबाइल ठेवून त्यावर नुसती खरखर वाजवली, माइक आधी तिच्याकडे तोंड करून आणि मग नेहमीसारखा वळवून मोजला, तर दोन पंचमांश आवाज शिल्लक राहत होता. नववा भाग गुणिले दोन पंचमांश, म्हणजे बावीस-तेविसावा भाग. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नाही.

बिघडलं ते फेडरवर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर. बाई तिप्पट अंतरावर होत्या आणि त्यांचा आवाज मुळात काकांच्या अडीचपट हळू. त्यांना काकांच्या बरोबरीला आणायला मित्राने बाईंचा ट्रॅक साडेसातपट वाढवला. त्याबरोबर त्यातले काकाही साडेसातपट झाले, आणि बाविसावा भाग थेट एक तृतीयांशावर गेला. डब्यातला आवाज काकांचा होता आणि तो येत होता बाईंच्या ट्रॅकमधून. मित्र आठवडाभर काकांच्या ट्रॅकचा इक्वलायझर फिरवत बसला होता. हे ओळखायची खूण सोपी आहे. काका बोलत असताना बाकीचे ट्रॅक एकेक करून म्यूट करा. ज्याच्या म्यूटने काकांचा आवाज एकदम भरीव आणि जवळचा होतो, तो ट्रॅक गुन्हेगार.

उपाय खुर्चीपाशी सापडला. बाईंना पुढे बसवून उपयोग नाही, दहा मिनिटांत त्या पुन्हा मागे टेकतात. माइकच आर्मवर लावून त्यांच्यापर्यंत नेला, चार बोटं जुळवून धरलेल्या मुठीइतक्या अंतरावर, तोंडाच्या जरा बाजूला, म्हणजे प आणि फ चा फुंकार थेट आत जात नाही. आता ट्रॅक अडीचपटच वाढवावा लागतो आणि काकांची पाझर दहाव्या भागाशी येऊन थांबते. टेबलावर गोधडी अंथरली, त्यामुळे लाकडावरून उडणारा आवाज कमी झाला. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्लाही त्याला मिळाला होता. त्या पातळ पुठ्ठ्याने फार तर वरच्या पट्टीतली थोडी चमक शोषली जाते. माणसाच्या आवाजाचा खालचा अर्धा भाग त्याला जुमानत नाही, आणि पुठ्ठा पेट घेतो तो वेगळाच धोका.

माइक नवा घ्यायचाच असेल तर डायनॅमिक की कंडेन्सर यापेक्षा त्याचा बहिरा कोपरा कुठे आहे ते पाहावं. कार्डिऑइड सगळ्यात बहिरा असतो तो थेट पाठीमागे. चौकोनी टेबलावर तिथे समोरचा माणूस येतो, जो आधीच सगळ्यात लांब आहे. सुपरकार्डिऑइडचे बहिरे कोपरे मात्र दोन, दोन्ही बाजूंना सुमारे 126 अंशांवर, आणि आपले दोन शेजारी बसतात 130 अंशांच्या आसपास. पाठीमागचं तो थोडं ऐकतो, पण ते अंतराने आधीच दबलेलं असतं. शूअरचा SM58 कार्डिऑइड आहे आणि त्याच घरातला Beta 58A सुपरकार्डिऑइड. दोन्ही डायनॅमिकच, तरी चौघांच्या टेबलावर त्यांच्यात फरक पडतो.

आता गेट. गेट म्हणजे ट्रॅकच्या दारावरचा राखणदार: आवाज ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला की दार उघडतो, खाली आला की लोटतो. आधीच्या ध्वनिमुद्रणात बाईंचा स्वतःचा आवाज आणि काकांची पाझर यांत तिप्पटच अंतर होतं, 10 डेसिबलसुद्धा नाही. उंबरठा पाझरीच्या वर ठेवला की बाईंचं "हो" गेटमधून "ओ" होऊन बाहेर यायचं आणि "सांगते"चं "आंगते" व्हायचं, कारण ह, स, फ हे स्वरांच्या मानाने फार दबके असतात. उंबरठा खाली आणला की काका हसताच बाईंचं दार उघडायचं. माइक जवळ नेल्यावर हेच अंतर दहापट, म्हणजे 20 डेसिबल झालं, आणि उंबरठा ठेवायला जागा मिळाली.

तरीही गेट पूर्ण बंद करू नये. दार उघडतं तेव्हा आवाजाबरोबर खोलीची घरघरही आत येते आणि मिटलं की एकदम जाते. कान ती ये-जा लगेच पकडतो. मी बंद अवस्थेत 12 डेसिबलच उतरवतो, म्हणजे चौथा भाग उरतो. पाझर तेवढ्याने पुरेशी बारीक होते. मिटण्याआधी सुमारे 200 मिलिसेकंद थांबायला लावतो, नाहीतर "कट्टा" म्हणताना त्या ट्ट च्या क्षणभर शांततेत दार लोटलं जातं. ध्वनिमुद्रण आधीच झालेलं असल्याने एक सोय मिळते: रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधल्या ReaGate मध्ये `Pre-open` असतं, त्यात 10 मिलिसेकंद दिले की दार शब्दाच्या आधीच उघडतं आणि "हो"चा ह वाचतो. त्याच खिडकीतल्या `Hipass` ने गेटला 1000 हर्ट्झच्या वरचंच ऐकून निर्णय घ्यायला लावता येतं. बाजूने आलेला आवाज बोथट असतो, कारण तोंडातून वरची कंपनं मुख्यतः समोरच फेकली जातात. जवळच्या बोलण्यात ती भरपूर असतात. त्यामुळे गेटला काका आणि बाई यांतला फरक अधिक स्पष्ट कळतो. हे सगळं कॉम्प्रेसरच्या आधी लावायचं. कॉम्प्रेसर नंतर सगळं सारखं करू पाहतो, आणि त्या सारखेपणात पाझर वर येते.

गेटची एक मर्यादा मात्र कुठल्याही आकड्याने जात नाही. बाई बोलत असताना काका मध्येच बोलले की दोन्ही दारं उघडी असतात, आणि उघड्या दारातून पाझर तशीच येते. चौघे एकदम हसले की चारही उघडी, आणि खोलीचा गोंगाट एका माइकच्या मानाने 6 डेसिबलने वाढतो. अमेरिकेतल्या डॅन ड्यूगनने 1970च्या दशकात यासाठी दारांऐवजी वाटणीची युक्ती काढली: चारही माइकचा मिळून गेन कायम एका माइकइतकाच, आणि ज्याचा आवाज जास्त त्याचा त्यातला वाटा जास्त. आज बऱ्याच मिक्सरवर ऑटोमिक्स नावाने ती सापडते. मित्राकडे ती नव्हती. हसण्याच्या अकरा जागी आम्ही हाताने बाकीचे ट्रॅक थोडे खाली घेतले. बाईंच्या ट्रॅकला त्या जागी हात लावावा लागला नाही.