asdfgh पाठवून पाहण्याआधी हे वाचा

दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उत्तर देणारी चॅट आम्ही सुरू करून दिली की पहिल्या तासात जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. आधी एक साधा प्रश्न, मग बोटं वाटेल तशी फिरवून `asdfjkhg`, आणि मग आम्हाला फोन: "हे काय, चिडलंही नाही, हसलंही नाही!" बरोबर आहे. ते तसंच ठेवलंय.

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका नमकीनच्या दुकानातली गोष्ट सांगतो. मालकांनी स्वतःच्या मोबाइलवरून `asdfjkhg` पाठवलं. उत्तर आलं: "हे कळलं नाही. भावासाठी 1, ऑर्डरसाठी 2, दुकानातल्या माणसाशी बोलायचं असेल तर 3 पाठवा." मग त्यांनी `lkjlkjpoi` पाठवलं. या वेळी नुसतं "1, 2 किंवा 3 पाठवा" एवढंच आलं. तिसऱ्यांदा पुतण्याने दोन्ही अंगठ्यांनी अर्धी ओळ भरली. उत्तर: "दुकानातला माणूस बोलेल, थोडं थांबा." त्यानंतर मालकांनी अगदी नीट `sev ka bhav` लिहिलं आणि काहीच आलं नाही. रात्री नऊला आम्हाला फोन, चॅट बंद पडली म्हणून.

चॅट बंद पडली नव्हती. ओळीने तीन संदेश कळले नाहीत की ती त्या नंबरापुरती गप्प बसते आणि संभाषण तुमच्या माणसाकडे सोपवते. माणूस लिहीत असताना मधे मशीनने तोंड घालू नये, म्हणून ही सोय. तुमच्या चॅटच्या यादीत त्या नंबरापुढे लाल ठिपका दिसतो. संभाषण उघडून "पूर्ण झालं" दाबलं की चॅट पुन्हा बोलू लागते. दुसऱ्या नंबरावरून विचारल्यावर उत्तर येत असेल, तर बिघाड नाही, ठिपकाच आहे. फोन करण्याआधी एवढं बघा, तुमची दहा मिनिटं वाचतील आणि आमचीही.

खरी अडचण पुढे आहे. त्या दिवशी घरातल्या चौघांनी गंमत केली होती, म्हणजे चार लाल ठिपके. त्यांच्याखाली पाचवा ठिपका एका खऱ्या गिऱ्हाइकाचा. लग्नासाठी सेव हवी होती, बोलून पाठवलं होतं. आवाजी संदेश चॅटला वाचता येत नाही, म्हणून तीन वेळा पाठवल्यावर तोही माणसाकडे गेला. मालकांना वाटलं, ही पण पोरांचीच मस्ती. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाच्या शेवटच्या संदेशापासून 24 तासच दुकानाला मोकळेपणाने लिहिता येतं, नंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला संदेशाचा साचा पाठवता येतो. ठिपका उघडला तेव्हा ती वेळ निघून गेली होती.

आता उत्तर एवढं सपक का, ते सांगतो. एका भाऊंना हवं होतं, "काय भिया, मांजर बसली का मोबाइलवर?" आम्ही नाही म्हटलं. चॅटला दिसतात ती नुसती अक्षरं. पलीकडे टवाळखोर आहे, मोबाइल हिसकावलेलं पोर आहे, की चष्मा न सापडलेल्या आजी आहेत, हे तिला कळायला मार्ग नाही. टवाळखोराला थंड उत्तर मिळालं की दोन-तीन संदेशांत तो कंटाळतो, आणि आजींना 3 दाबता येतं.

"काहीतरी जवळचं उत्तर देऊन टाका" असंही बरेच जण सुचवतात. चार-पाच अक्षरांच्या शब्दात एका अक्षराची चूक आम्ही चालवून घेतो, म्हणून `bhsv` लिहिलं तरी भाव मिळतो. पण तीन अक्षरांना ही सवलत नाही. तिथे दिली तर `srv`, `sdv`, `aev` सगळ्याचीच सेव होईल, आणि बोटं आपटून ऑर्डर लागेल. आकडाही एकटा आला तरच धरतो. `kj2hd` मधला 2 ऑर्डर समजत नाही.

पारखायचंच असेल तर गिऱ्हाईक जसं लिहितं तसं लिहा: `2 kilo laung sev kitne ki`, "उद्या दुकान उघडं आहे का", एखादा फोटो. तिथे चॅट अडखळली तर आम्हाला जरूर कळवा, कारण त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडतं. `asdfgh` मधून काही हाती लागत नाही.

गंमत करायचीच असेल तर प्रत्येक दुकानाला आम्ही चाचणीचा वेगळा नंबर देतो, बसवण्याच्या खर्चातच. त्यावर पोरांना खुशाल सोडा, तिथले ठिपके दुकानाच्या यादीत येत नाहीत. वर्षाची देखभाल घेतलेल्यांचे न कळलेले संदेश आम्ही दर सोमवारी बसून वाचतो आणि त्यातले नवे शब्द चॅटमध्ये घालतो. देखभाल मधेच घ्यायची असली तरी चालते, उरलेल्या महिन्यांचेच पैसे लागतात.