बोलण्याआधी राउटर रडारचा कानोसा घेतो

राउटर बंद करून पुन्हा सुरू केला की २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्याचे नाव फोनवर लगेच दिसते, ५ गिगाहर्ट्झचे मात्र दिसत नाही. अर्धे मिनिट वाट पाहून अनेक जण राउटर पुन्हा बंद-चालू करतात आणि अखेरीस उपकरण बिघडले असे ठरवून मोकळे होतात. मीही पूर्वी हेच करत असे. त्या वेळी राउटर नियमाप्रमाणे गप्प राहून रडारचा कानोसा घेत होता, आणि मी बटण दाबले की त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत होती.

वाय-फाय येण्याच्या कितीतरी आधीपासून ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रडार काम करत आहेत. २००३ साली जिनिव्हा येथे झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने या पट्ट्याचा मोठा भाग बिनतारी जाळ्यांना खुला केला. मात्र ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ या भागांत रडारचा हक्क पहिला राहील आणि रडार आढळताच वाय-फायने जागा सोडावी, अशी अट घातली. या व्यवस्थेला डीएफएस म्हणतात. राउटरच्या भाषेत हे ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ क्रमांकांचे चॅनल होत. ३६ ते ४८ या चॅनलना ही अट लागू नाही.

यांतील सर्वांत नाजूक शेजारी म्हणजे ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमधील हवामान रडार. त्याच्या लहरींची लांबी सुमारे ५.३ सेंटिमीटर असते आणि काही मिलिमीटरच्या पावसाच्या थेंबांवरून परतणारा अतिक्षीण प्रतिध्वनी त्याला टिपायचा असतो. त्याच कंप्रतेवर एखादा राउटर बोलत राहिला, तर अँटेना त्या दिशेकडे वळताच पावसाच्या नकाशावर केंद्रापासून कडेपर्यंत एक खोटी रेघ उमटते आणि तिच्याखाली खरा पाऊस झाकला जातो.

राउटरला रडार कुठे आहे हे ठाऊक नसते, नकाशाही त्याच्याजवळ नसतो. मग आपला त्याला त्रास होईल की नाही, हे त्याने कसे ठरवावे? या प्रश्नाचे उत्तर मला फार सुंदर वाटते. रेडिओ लहरी जाताना वाटेत जितक्या क्षीण होतात, तितक्याच त्याच वाटेने उलट येतानाही होतात. भिंत, टेकडी, अंतर या सगळ्यांचा अडथळा दोन्ही दिशांना सारखाच असतो. म्हणून रडारचा आवाज आपल्यापर्यंत किती क्षीण होऊन पोहोचला, हे मोजले की आपला आवाज रडारपर्यंत किती क्षीण होऊन पोहोचेल, हेही कळते.

हे आकड्यांत पाहू. डेसिबेलच्या मापात दर १० म्हणजे दहापट, आणि शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. समजा, एका हवामान रडारची स्पंदातील शक्ती २५० किलोवॉट, म्हणजे ८४ डीबीएम आहे आणि त्याची अँटेना एका दिशेत आणखी ५० डेसिबेलची भर घालते. एकूण १३४ झाले. अधिक शक्तीच्या राउटरने उणे ६४ डीबीएम इतका क्षीण स्पंदही ओळखला पाहिजे, असा नियम आहे. स्पंद या सीमेवर ऐकू आला, तर वाटेतील घट १९८ डेसिबेल ठरते. आता उलट दिशेने जाऊ. एक वॉटचा, म्हणजे ३० डीबीएमचा राउटर बोलला. वाटेत १९८ गेले, रडारच्या अँटेनाने ५० परत मिळवून दिले. हाती उरले उणे ११८ डीबीएम. एक मेगाहर्ट्झ रुंदीच्या ग्राहकयंत्रात उष्णतेमुळे असणारा अटळ गोंगाटच उणे ११४ डीबीएमच्या आसपास असतो. राउटरची शक्ती तर २० किंवा ८० मेगाहर्ट्झभर पसरलेली असल्याने रडारच्या वाट्याला तिचा आणखी लहान हिस्सा येतो. सारांश, जे रडार राउटरला ऐकू येत नाही, त्याला राउटरही ऐकू येत नाही.

उरतो प्रश्न ओळखण्याचा. वाय-फायच्या प्रत्येक संदेशाच्या आरंभी ठरावीक घडणीचा काही मायक्रोसेकंदांचा इशारा असतो; रडारच्या स्पंदात तो नसतो. अमेरिकी चाचणीतील एका नमुन्यात एक मायक्रोसेकंदाचा स्पंद दर १४२८ मायक्रोसेकंदांनी येतो, आणि असे १८ स्पंद आले की मालिका संपते. म्हणजे फिरणाऱ्या रडारचा झोत आपल्यावरून सरकला, असे समजण्यासाठी राउटरला जेमतेम २६ मिलिसेकंद मिळतात. त्यातही राउटर स्वतः बोलत असताना ऐकू शकत नाही, त्यामुळे काही स्पंद निसटतात आणि अपुऱ्या मालिकेवरूनच निर्णय घ्यावा लागतो.

आता युरोपीय नियमांखाली चालणारा, चॅनल १०० वर ८० मेगाहर्ट्झ रुंदीने काम करणारा एक राउटर घ्या. रडार आढळताच तो जोडलेल्या फोन-संगणकांना नव्या चॅनलची सूचना देतो आणि दहा सेकंदांच्या आत जुनी जागा पूर्णपणे सोडतो. त्या जागेवर पुढील ३० मिनिटे त्याला परतता येत नाही. त्याने चॅनल ३६ निवडला, तर व्हिडिओ क्षणभर अडखळतो आणि पुढे चालू लागतो. चॅनल ५२ निवडला, तर तिथे आधी ६० सेकंद गप्प राहून ऐकावे लागते. मात्र त्याने ११६ निवडला, तर ८० मेगाहर्ट्झची रुंदी थेट १२८ पर्यंत, म्हणजे हवामान रडारच्या पट्ट्यात पोहोचते, आणि तिथे हा कानोसा दहा मिनिटे चालतो. हवामान रडार अँटेनाचा कोन वर-खाली बदलत आकाश चाळत असते, त्यामुळे त्याचा झोत जमिनीलगत पुन्हा येईपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो. एका मिनिटाचे ऐकणे तिथे पुरत नाही. काही राउटरांत यासाठी वेगळे ग्राहकयंत्र असते. ते काम चालू ठेवूनच दुसऱ्या चॅनलचा कानोसा घेते.

लिनक्सवर चालणाऱ्या अनेक राउटरांच्या नोंदवहीत हा घटनाक्रम अशा ओळींतून दिसतो (ओळी येथे संक्षिप्त केल्या आहेत):

```
DFS-RADAR-DETECTED freq=5500
DFS-CAC-START freq=5580 chan=116
DFS-NOP-FINISHED freq=5500
```

पहिली ओळ रडार आढळल्याची, दुसरी कानोसा सुरू झाल्याची आणि तिसरी बंदीची मुदत संपल्याची आहे. पहिली ओळ पाहून कोणी आपल्या घरावर पाळत ठेवत आहे, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही; रडार तुमच्याकडे पाहत नसते, त्याच्या लहरी केवळ तुमच्यापर्यंत पोहोचलेल्या असतात. वरून विमान गेले म्हणून वाय-फाय तुटले, हा समजही सहसा चुकीचा असतो, कारण आधुनिक प्रवासी विमानाच्या नाकातील हवामान रडार ९.३ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करते.

खोटे इशारेही येतात. शेजारच्या उपकरणांचे संदेश एकमेकांवर आदळून उरलेले तुकडे कधीकधी स्पंदांसारखे भासतात, आणि चुकायचेच असेल तर सावधपणाकडे झुकून चुकावे, अशीच या यंत्रणेची रचना असते. नोंदी नेहमी एकाच कंप्रतेच्या आसपास येत असतील, तर जवळपास खरे रडार असण्याची शक्यता मोठी. त्या सगळ्या चॅनलवर विखुरलेल्या असतील आणि वापर वाढला की वाढत असतील, तर खोट्या इशाऱ्यांचा संशय घ्यावा. अशा वेळी चॅनल ३६ आणि रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवावी. खोक्यावर ठळक छापलेल्या १६० मेगाहर्ट्झचा मोह इथे टाळावा, कारण ३६ पासून तेवढी रुंदी घेतली की राउटर ६४ पर्यंत पसरतो आणि पुन्हा रडारच्या अटीखाली येतो.