आधी नोकरी, मग तयारी

‘स्किझोफ्रेनिया आहे ना, आधी पूर्ण बरा होऊ दे, मग नोकरीचं बघू.’

युरोपातल्या ६ शहरांत अशा गंभीर मानसिक आजारांच्या रुग्णांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उलटंच दिसलं. आधी प्रशिक्षण घेणाऱ्यांपैकी २८ टक्के कामाला लागले. थेट नोकरी शोधून मग तिथेच आधार मिळालेल्यांपैकी ५५ टक्के. (निकष मात्र सैल होता: किमान एक दिवसाचं काम.)

थेट नोकरीच्या या पद्धतीत अट एकच, काम करायची इच्छा. नोकरीसाठी मदत करणारा रोजगार-सहायक हा उपचार करणाऱ्या टीममध्येच असतो. समजा, गोदामात काम करणारा सकाळी पेंगतो. सहायक डॉक्टरांना कळवतो, ते औषधाची वेळ किंवा मात्रा बदलून पाहतात. मालकाकडे फक्त उशिराची पाळी मागितली जाते. आजाराचं नाव सांगायचं का, हे रुग्णच ठरवतो. त्याच्या संमतीशिवाय मालकाशी कुणी बोलत नाही.