कोऱ्या पानावर पहिली जोखीम: सोयाबीन बियाणे प्रकल्पाची नोंदवही कशी भरावी

औसा तालुक्यातील एक शेतकरी उत्पादक कंपनी डोळ्यांसमोर आणू. सभासदांच्या शेतात पिकलेले सोयाबीन विकत घ्यायचे, स्वच्छता व प्रतवारी करून ते आठ महिने गोदामात ठेवायचे आणि पुढच्या जूनमध्ये बियाणे म्हणून विकायचे, असा तिचा बेत आहे. कर्ज देणाऱ्या बँकेने प्रकल्प अहवालासोबत जोखीम नोंदवही मागितली आहे. कंपनीकडे अशी नोंदवही आजवर कधीच नव्हती, त्यामुळे पान कोरे आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी संचालक मंडळ एका दुपारी एकत्र बसते, 'दुष्काळ', 'बाजारभाव', 'वीज', 'मजूरटंचाई' असे दहा-बारा शब्द लिहिते आणि काम संपल्याचे मानते. हे शब्द खोटे नाहीत, पण ते मराठवाड्यातील कोणत्याही धंद्याला लागू पडतात आणि त्यांवरून उद्या सकाळी कोणी काय करायचे हे कळत नाही.

नोंदवहीतील ओळ कामाची व्हायची असेल तर तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसाव्या लागतात: आज खरे असलेले कारण, पुढे घडू शकेल पण घडेलच असे नाही अशी घटना, आणि त्या घटनेचा आपल्या उद्दिष्टावर होणारा परिणाम. 'पाऊस' ही जोखीम नव्हे. 'मळणी ऑक्टोबरात उघड्यावर होत असल्याने परतीच्या पावसात रास भिजू शकते, आणि तसे झाल्यास बियाण्याची उगवण प्रमाणित मर्यादेखाली जाईल' ही जोखीम आहे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के असावा लागतो. या दोन आकड्यांमुळे परिणाम मोजता येतो, आणि त्यांच्याभोवतीच या कंपनीचा सारा धंदा फिरतो.

अशी वाक्ये शोधण्याच्या चार पद्धती सर्रास वापरल्या जातात: तपाससूची, स्वॉट विश्लेषण, गृहीतकांची छाननी आणि मुलाखती. चारही उपयोगी आहेत, पण नोंदवही कोरी असताना त्या कोणत्या क्रमाने वापरायच्या याला फार महत्त्व आहे. माझे स्पष्ट मत असे की तपाससूची शेवटी काढावी. ती पहिल्यांदा समोर ठेवली की माणसे आग, चोरी, अपघात या तयार ओळींवर खुणा करत जातात, पान भरल्याचे समाधान मिळते, आणि या कंपनीची, या गोदामाची स्वतःची अशी जोखीम मनात येण्याआधीच बैठक उठते.

स्वॉटने सुरुवात करण्यास हरकत नाही, कारण बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके असे चार चौकोन आखून बोलायला सगळ्यांनाच जमते. मात्र त्यातून आलेली ओळ तशीच नोंदवहीत उतरवू नये. 'गोदाम आणि यंत्रसामग्री एकाच डीपीवर आहे' ही उणीव आहे. ती आजच खरी असल्याने ती जोखीम नसून जोखमीचे कारण आहे. 'मग त्यामुळे काय घडू शकेल?' असा प्रश्न त्या ओळीला विचारला की खरी नोंद मिळते: ऐन प्रतवारीच्या काळात डीपी जळल्यास काम थांबेल आणि नमुने तपासणीला उशिरा जातील. स्वॉट एवढेच देते. ते कच्चा माल पुरवते, आणि त्यात मोठे मोठे शब्दच जास्त सापडतात.

गृहीतकांच्या छाननीला मात्र खरा वेळ द्यावा. प्रकल्प अहवालातील प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी काहीतरी धरून चाललेले असते. आपल्या कंपनीच्या अहवालात लिहिले आहे की २,००० क्विंटल कच्चा माल येईल, प्रक्रियेत २० टक्के घट होईल आणि १,६०० क्विंटल बियाणे मिळेल. यात निदान तीन गृहीतके दडलेली आहेत: सभासद ठरल्याप्रमाणे माल देतील, घट २० टक्क्यांवर थांबेल, आणि उरलेले सगळे बियाणे उगवणीच्या चाचणीत उतरेल. प्रत्येक गृहीतक एका साध्या वाक्यात लिहायचे आणि त्याला दोन प्रश्न विचारायचे. हे खोटे ठरण्याची कितपत शक्यता आहे? आणि खोटे ठरले तर आपले कोणते उद्दिष्ट मोडते? दोन्ही उत्तरे गंभीर असली तर तेच वाक्य उलटे करून नोंदवहीत घ्यायचे.

घटीचेच उदाहरण करून पाहू. पावसात सापडलेल्या मालात डागी, सुरकुतलेले आणि फुटलेले दाणे वाढतात, त्यामुळे घट २० ऐवजी ३० टक्के होणे अशक्य नाही. तसे झाल्यास १,६०० ऐवजी १,४०० क्विंटल बियाणे हाती येते. २०० क्विंटल म्हणजे ३० किलोच्या सुमारे ६६७ पिशव्या, आणि एकरी एक पिशवी धरली तर तेवढ्याच एकरांचा पुरवठा तुटतो. आगाऊ नोंदणी १,६०० क्विंटलची घेतलेली असेल, तर जूनमध्ये दारात आलेल्या शेतकऱ्याला परत पाठवावे लागेल. अहवालात 'घट २० टक्के' एवढाच आकडा होता. एवढा मोठा परिणाम त्याच्या पोटात होता हे छाननी केल्यावरच दिसते.

सर्वांत अवघड असतात ती कुठेच न लिहिलेली गृहीतके. ती हुडकण्यासाठी माल खळ्यावरून विक्रीपर्यंत ज्या ज्या टप्प्यांतून जातो ते टप्पे ओळीने मांडावेत आणि प्रत्येक ठिकाणी 'इथे आपण काय धरून चाललो आहोत?' असे विचारावे. गोदामाच्या टप्प्यावर उत्तर येते: आठ महिने बियाणे जसेच्या तसे राहील. हे गृहीतक तपासण्यासाठी बीजशास्त्रात हॅरिंग्टनचा एक ढोबळ नियम आहे. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी केला, किंवा साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले, तर बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. उलट दिशेला ते निम्मे होते. हा नियम ओलाव्याच्या आणि तापमानाच्या ठरावीक कक्षेतच चालतो, म्हणून त्यावरून अचूक दिवस काढू नयेत. पण एप्रिल-मे महिन्यांत लातूर जिल्ह्यात पारा ४० अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छताखाली वरच्या थरातील पोती त्याहून तापू शकतात, हे लक्षात घेतले की 'जसेच्या तसे राहील' हे गृहीतक ढासळते. त्यातून नोंद अशी होते: गोदामाला पत्र्याचे छत असून वायुविजन अपुरे आहे, त्यामुळे उन्हाळ्यात थप्पीच्या वरच्या भागातील बियाण्याची उगवण ७० टक्क्यांखाली जाऊ शकते, आणि डिसेंबरच्या चाचणीत उतरलेला साठा जूनमध्ये शेतात उगवणार नाही.

तिसरी पद्धत मुलाखतीची. येथे चूक होते ती माणसे निवडताना. चेअरमन, व्यवस्थापक आणि सल्लागार यांच्याशी बोलून तोच अहवाल पुन्हा ऐकायला मिळतो. बियाण्याला हात लावणाऱ्यांशी बोलले पाहिजे: मळणी यंत्र चालवणारा, हमालांचा मुकादम, प्रतवारी यंत्राचा ऑपरेटर, बियाणे परत घेऊन आलेल्या ग्राहकाशी बोलणारा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. प्रत्येकाशी वेगळे बोलावे, चेअरमन शेजारी बसलेले नसावेत, आणि नोंदवहीत त्याचे नाव न घालता फक्त कामाचा प्रकार लिहिला जाईल हे आधीच सांगावे. 'काय काय धोके वाटतात?' असा थेट प्रश्न निरुपयोगी ठरतो. 'मागच्या हंगामात काम कुठे अडले?' असे विचारले की माणूस घडलेले सांगू लागतो.

मळणी यंत्र चालवणाऱ्याच्या मुलाखतीत असे काही निघू शकते:

"रात्री रास चालू असते, आभाळ भरून येतं. मालक म्हणतो, पळव लवकर. मग ड्रम जोरात सोडावाच लागतो, भाऊ. दाणा अख्खा दिसतो, बघणाऱ्याला काय कळत नाही."

या चार वाक्यांत जे आहे ते अहवालात कुठेही नव्हते. बियाण्यासाठी सोयाबीनची मळणी करताना ड्रमचे फेरे मिनिटाला साधारण ३५० ते ४०० ठेवायला सांगितले जाते, कारण या दाण्याचे साल पातळ असते आणि अंकुर सालाच्या अगदी लगत असतो. जोराच्या माराने सालाला डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. असे दाणे सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात दहा-पंधरा मिनिटे ठेवले की चिरलेले दाणे फुगून वेगळे ओळखू येतात. म्हणजे पावसाची जोखीम भिजण्यापुरती नाही. पाऊस न पडता नुसते आभाळ आले तरी घाईमुळे बियाणे बिघडू शकते. ही स्वतंत्र ओळ आहे, तिचे कारण वेगळे आहे आणि तिच्यावरचा उपायही वेगळा आहे. मुकादमाशी बोलल्यावर ट्रकवरून फेकल्या जाणाऱ्या पोत्यांचीही अशीच ओळ तयार होते. मुलाखती किती घ्याव्यात याचा आकडा ठरवण्यापेक्षा, सलग दोन-तीन माणसांकडून नवे काहीच निघाले नाही तेव्हा थांबणे बरे.

आता तपाससूची काढावी. तिचे काम वेगळे आहे: ज्याबद्दल कोणालाच बोलावेसे वाटत नाही ते आठवून देणे. विक्री परवान्याची मुदत, विम्यात इमारतीबरोबर साठाही धरला आहे का, धुरीच्या गोळ्या हाताळणाऱ्याला मुखवटा आहे का, बकेट एलिव्हेटरच्या पट्ट्याचा सुटा भाग जवळ आहे का, हे मुद्दे मुलाखतीत क्वचितच येतात. सूची मात्र आधीच्या अनुभवातूनच बनते, म्हणून ती आधी घडलेलेच पकडते. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने मराठवाड्यातील काढणीला आलेले सोयाबीन भिजवले, आणि २०२० च्या जूनमध्ये बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला. तेव्हापासून 'काढणीच्या वेळचा पाऊस' कोणाच्याही सूचीत असणारच. ड्रमच्या फेऱ्यांची ओळ सूचीत नसेल तर ती फक्त मुलाखतीतूनच येईल, आणि आल्यावर तिला सूचीत कायमची जागा द्यायला हवी.

चारही वाटांनी आलेल्या ओळी एकत्र केल्यावर दोन गोष्टींची सफाई करावी लागते. एकच जोखीम तीन वेगळ्या शब्दांत आली असेल तर ती एक करायची, पण कारणे वेगळी असतील तर परिणाम सारखा दिसतो म्हणून ओळी जोडायच्या नाहीत. भिजलेले, चिरलेले आणि तापलेले बियाणे तिन्ही न उगवणारेच, तरी ते तीन वेगळ्या ठिकाणी सांभाळावे लागते. दुसरे म्हणजे, आधीच घडलेली गोष्ट जोखमीत मोडत नाही. गोदामाकडे जाणारा रस्ता आजच उखडलेला असेल तर ती अडचण आहे, तिची यादी वेगळी ठेवावी.

पहिल्या नोंदवहीत प्रत्येक जोखमीच्या गांभीर्यानुसार गुण आणि रंग भरण्याची घाई करू नये असे मला वाटते. त्याऐवजी प्रत्येक ओळीपुढे ती कोठून कळली, सुरुवातीची खूण कोणती आणि लक्ष कोण ठेवणार, हे तीन रकाने भरावेत. घाईच्या मळणीच्या ओळीपुढे मळणी यंत्र चालवणाऱ्याची मुलाखत, हायपोक्लोराइटच्या चाचणीत फुगलेल्या दाण्यांचे प्रमाण आणि खरेदी केंद्रावर नमुना घेणारी व्यक्ती असे लिहिता येते. पत्र्याच्या छताच्या ओळीपुढे दर महिन्याला वरच्या थरातील १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून मोजलेली उगवण येते, आणि ती मोजणी मार्चमध्येच सुरू व्हायला हवी, म्हणजे उन्हाळा भरात येण्याआधी थप्पी उतरवून माल हलवायला निदान काही आठवडे हाताशी राहतात.