संज्ञापनात्मक कृती व सार्वजनिक क्षेत्र

जर्मन तत्त्वज्ञ व समाजशास्त्रज्ञ युर्गेन हाबरमास (जन्म 1929) यांनी मांडलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या दोन संकल्पना. सार्वजनिक क्षेत्राचा विचार त्यांनी 1962 मध्ये ऐतिहासिक अंगाने केला, तर संज्ञापनात्मक कृतीचा सिद्धांत 1981 मध्ये दोन खंडांत मांडला. धाक, आमिष किंवा अधिकार यांच्या जोरावर नव्हे, तर केवळ कारणे देऊन-घेऊन माणसे एकमताला येऊ शकतात आणि साध्या बोलण्यातही ही अपेक्षा गृहीत धरलेली असते, हे या विचाराचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

हाबरमास कृतीचे दोन प्रकार वेगळे करतात. समोरच्याकडून आपल्याला हवे ते घडवून आणणे, हे व्यूहात्मक कृतीत उद्दिष्ट असते. त्याला ते पटले की नाही, हा तेथे गौण प्रश्न ठरतो. संज्ञापनात्मक कृतीत मात्र दोघांना समान समजुतीवर येऊन मगच आपापली कामे जुळवायची असतात. त्यासाठी बोलणारा आपल्या प्रत्येक विधानाबरोबर तीन दावे करतो: सांगितलेली वस्तुस्थिती सत्य आहे, असे सांगण्याचा आपल्याला मान्य नियमांनुसार अधिकार आहे आणि आपण मनापासून बोलत आहोत. ऐकणारा यांपैकी कोणत्याही दाव्याला ‘नाही’ म्हणू शकतो, आणि तसे म्हटल्यास कारण देण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते.

समजा, कार्यालयातील एक विभागप्रमुख सहकाऱ्याला म्हणतात, “उद्याच्या बैठकीसाठी हे आकडे आज रात्री थांबून तपासून द्या.” सहकारी म्हणू शकतो, “बैठक पुढे ढकलली आहे”, येथे त्याने वस्तुस्थितीला आव्हान दिले. “कामाच्या वेळेनंतर थांबवून घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही” या उत्तरात आव्हान औचित्याला आहे. “आकडे तुम्ही आधीच तपासले आहेत, मला अडकवून ठेवायचे आहे म्हणून सांगता” असे तो म्हणाला, तर शंका प्रामाणिकपणावर आहे. पहिल्या दोन आव्हानांना पुरावा आणि नियम दाखवून उत्तर देता येते. प्रामाणिकपणा मात्र युक्तिवादाने सिद्ध होत नाही, तो पुढील वागण्यातूनच दिसतो. प्रमुखांनी “मग बढतीच्या वेळी पाहू” असे म्हटले की संवाद व्यूहात्मक कृतीत बदलतो. सहकारी त्यानंतर थांबला, तरी ते मान्य करणे नसून नमते घेणे आहे.

वाद वाढला की सहभागी लोक हातातले काम बाजूला ठेवून त्या दाव्याचीच चर्चा करतात. अशा चर्चेला हाबरमास ‘वादसंवाद’ या अर्थाची संज्ञा वापरतात. ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू द्यावे, कोणतेही प्रतिपादन प्रश्नांकित करता यावे आणि बाहेरच्या किंवा आतल्या दडपणाने कोणाची वाचा बंद होऊ नये, या तिच्या पूर्वअटी आहेत. प्रत्यक्ष चर्चा त्या पूर्णपणे पाळते, असा हाबरमास यांचा दावा नाही. तरीही गंभीरपणे युक्तिवाद करणाऱ्याला त्या मानल्यावाचून गत्यंतर नसते. “विरोधकांना बाहेर काढल्यावर आम्ही सर्वांना हे पटवून दिले” या वाक्यातली विसंगती कोणालाही जाणवते. तडजोडीशी मात्र या एकमताची गल्लत करू नये. तडजोडीत प्रत्येक पक्ष आपापल्या हिशेबाने होकार देतो, तर एकमतात सर्वांना तीच कारणे पटलेली असतात. नवे कारण पुढे आल्यास ते एकमत पुन्हा तपासासाठी खुले राहते.

सार्वजनिक क्षेत्र म्हणजे हीच रीत समाजाच्या पातळीवर चालण्याची जागा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमधील कॉफीगृहे, पुढे फ्रान्समधील सलाँ म्हणजे घरी भरणाऱ्या चर्चेच्या बैठका आणि नियतकालिके यांतून खाजगी व्यक्ती एकत्र येऊन राज्यकारभारावर मत बनवू लागल्या, असे हाबरमास दाखवतात. तेथे दर्जाला महत्त्व नसावे, युक्तिवादाला असावे, अशी अपेक्षा होती. राजसत्तेला त्यातला धोका उमगला होता: इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने डिसेंबर 1675 मध्ये कॉफीगृहे बंद करण्याची घोषणा काढली, पण विरोधामुळे काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. पुढे वृत्तपत्रे मोठा व्यवसाय झाली, पक्ष आणि हितसंबंधी गट मत घडवू लागले आणि चर्चा करणारा वाचकवर्ग बराचसा ग्राहकवर्ग झाला, असे त्यांचे निदान आहे.

या चित्रावरचा सर्वांत भेदक आक्षेप अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी 1990 मध्ये घेतला. दर्जा विसरून बोलू या, असे ठरवल्याने दर्जा नाहीसा होत नाही. बोलण्याची शैली, मध्येच तोडणे, कोणाचे म्हणणे गांभीर्याने घेतले जाते यांतून विषमता कायम राहते. स्त्रिया व मालमत्ता नसलेले लोक या क्षेत्राबाहेर होते आणि त्यांनी आपली वेगळी व्यासपीठे उभारली होती, हेही फ्रेझर यांनी दाखवले. हा आक्षेप रास्त आहे. स्त्रियांचे वगळले जाणे त्या क्षेत्राच्या घडणीतच होते, हे हाबरमास यांनीही पुढे मान्य केले. मात्र सर्वांना प्रवेश असल्याच्या दाव्यामुळेच वगळलेल्यांना त्या क्षेत्राच्याच भाषेत त्याला जाब विचारता आला, असे त्यांचे उत्तर होते.