पुरचुंडीत मोडांसोबत आणखी काय वाढतं?

कोथरूडच्या आमच्या ओट्यावर रात्री वाटीभर मूग भिजत पडतात. सकाळी पाणी निथळून फडक्यात घट्ट बांधले की मे महिन्यात संध्याकाळपर्यंत पांढरी टोकं दिसू लागतात. थंडीत पुरचुंडी उबेला ठेवावी लागते आणि वेळही जास्त लागतो. मोड यायला ओल आणि ऊब हवी, आणि नेमकी तीच जिवाणूंनाही हवी असते. शिवाय दाणा फुगताना त्यातली साखर आणि प्रथिनं पाण्यात झिरपतात, म्हणजे त्यांच्या जेवणाचीही सोय झाली.

जिवाणू बहुतेकदा दाण्यासोबतच घरात येतात. शेतातलं शेणखत, दूषित पाणी, गोदामातले उंदीर-पक्षी यांच्यामुळे साल्मोनेला किंवा ई. कोलाय सालीच्या बारीक चिरांत जाऊन बसतात. दाणे पाच पाण्यांनी धुतले तरी तिथले निघत नाहीत. समजा, एकच जिवाणू शिरला आणि उबेत तो दर अर्ध्या तासाला दुप्पट झाला. दहा तासांत वीस दुपटी, म्हणजे दहा लाखांच्या वर! प्रत्यक्षात वेग कमी-जास्त होतो, पण पुरचुंडी रात्रभर ठेवायची म्हटलं की हिशोब कुठे जातो ते कळतं. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली.

आपण नाकावर विसंबतो. आंबूस वास, बुळबुळीत दाणे, तपकिरी टोकं दिसली तर मूग टाकून द्यायचेच. पण साल्मोनेलाला ना वास, ना चिकटपणा. ताजे, कुरकुरीत मोडही दूषित असू शकतात. फ्रिजमध्ये वाढ मंदावते, जिवाणू मरत नाहीत. लिंबू पिळूनही भागत नाही. कोशिंबिरीवर ओतलेली चरचरीत फोडणी तर वरच्या चार दाण्यांनाच भाजते.

धडधाकट माणूस बहुधा जुलाब-तापावर सुटतो. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढची माणसं, केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांना मात्र तोच संसर्ग रक्तापर्यंत जाऊ शकतो. त्यांच्या पानात कच्चे मोड नकोत. टेकडीवरून उतरताना मिळणारी लिंबू-मीठ लावलेली वाटीही नको.

शिजवायचं म्हणजे लगदा करायचा नाही. चाळणीत मूग पातळ पसरून, वाफ धरल्यावर झाकण ठेवून पाचेक मिनिटं वाफवायचे. अख्खा मसूर थोडा जास्त. मधला दाणा दाबला तर आतूनही कढत लागला पाहिजे. आईची उसळ रटरटायची, तेव्हा हे सगळं आपोआप व्हायचं. कच्च्या मोडांचं सॅलड घरात आलं ते आमच्या डाएटच्या वेडातून, आणि बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला तेच मी पहिलं वाढलं होतं. आता त्यांची वाटी वेगळी, वाफवलेली असते.