चढत्या क्रमाची तपासणी आणि पहिली चुकीची ओळ : पार्श्वभूमी

रकाना चढत्या क्रमाने आहे की नाही हे पाहण्याचे काम संगणकाच्या आधीपासून यंत्रे करीत आली आहेत. १९३७ मध्ये आलेले आयबीएमचे ०७७ कोलेटर छिद्रित कार्डांचे दोन गठ्ठे एकत्र लावत असे, आणि दोन्ही गठ्ठे आधीच क्रमवार असल्याशिवाय ते एकत्र लागत नसल्यामुळे प्रत्येक कार्ड मागच्या कार्डाशी ताडून पाहणे भाग होते. पुढे युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील (१९७९) `sort` आज्ञेला `-c` हा पर्याय मिळाला, जो काहीही न हलवता फक्त क्रम तपासतो.

लगतच्या जोड्याच तपासणे पुरेसे असते, कारण प्रत्येक नोंद आपल्या मागच्या नोंदीपेक्षा लहान नसेल तर संपूर्ण रकाना चढता असणारच.

लासलगाव किंवा पिंपळगावच्या एखाद्या आडत्याच्या पेढीवर काटापावत्यांचे क्रमांक एक्सेलमध्ये भरले जातात, असे समजू. A2 पासून १०४१, १०४२, १४०३, १०४४, १०४५ असे आकडे आहेत. १०४३ लिहिताना अंकांची अदलाबदल झाली आहे. तपासणीचे सूत्र असे :

```
=IFERROR(MATCH(TRUE,INDEX(A3:A6<A2:A5,0),0)+2,"क्रम बरोबर")
```

उत्तर ५ येते, म्हणजे १०४४ ची ओळ, जी स्वतः निर्दोष आहे. क्रम जिथे मोडलेला दिसतो तिथे यंत्र थांबते. चूक कुठे झाली हे त्याला ठाऊक नसते. म्हणून दाखवलेली ओळ तिच्या दोन ओळी वरच्या नोंदीशी ताडावी. येथे १०४४ हा १०४२ पेक्षा मोठा आहे, तेव्हा संशय मधल्या १४०३ वर जातो. त्या जागी १०३४ पडला असता तर ओळ ४ दाखवली गेली असती, आणि १०३४ हा १०४१ पेक्षाही लहान असल्याने संशय त्याच ओळीवर राहिला असता.

दिसायला बरोबर असलेला १०४३ मजकूर म्हणून भरला गेला असला तरी हाच प्रकार घडतो. एक्सेल मजकुराला कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानते, त्यामुळे दोष पुन्हा १०४४ वर येतो. डावीकडे सरकलेला आकडा हीच त्याची खूण. पावती क्रमांक दोनदा येऊ नये असे असेल, तर सूत्रात `<` ऐवजी `<=` लिहावे लागते.

ही तपासणी टाळण्याची किंमत पावती क्रमांकावरून शेजारच्या रकान्यातले वजन शोधणाऱ्या `VLOOKUP` मध्ये मोजावी लागते. शेवटचा घटक न दिल्यास ते रकाना चढता आहे असे गृहीत धरून अर्ध्या-अर्ध्या भागात शोधते. वरच्या पाच ओळींत १०४४ शोधला, तर मधली नोंद १४०३ असल्याने शोध वरच्या अर्ध्यात वळतो आणि १०४२ चे वजन कोणतीही त्रुटी न दाखवता हाती येते. हिशेबात याहून घातक चूक मला दुसरी दिसत नाही, कारण आकडा येतो आणि तो खराच वाटतो. संशयित ओळीचा निकाल मात्र पावतीच्या कागदी प्रतीवरूनच लावावा, सूत्रावरून नव्हे.